तुलना करून सॉर्ट करायचं तर n log n च्या खाली का जाता येत नाही: निर्णयवृक्षाची सिद्धता, पायरीपायरीनं

मर्ज सॉर्टला `n log n` च्या पटीत तुलना लागतात. हीप सॉर्टचंही तेच. मग एखाद्याच्या मनात येतं की याहून हुशार युक्ती उद्या कुणाला सुचली तर? `n` च्या पटीत, म्हणजे यादीवरून पाच-दहा वेळा नजर फिरवून काम का होऊ नये? याचं उत्तर ठाम आहे: दोन-दोन घटकांची तुलना एवढंच साधन असेल, तर कधीच नाही. हे आजच्या पद्धतींना लागू आहे, तसंच अजून कुणी न लिहिलेल्या पद्धतींनाही. जी पद्धत अस्तित्वातच नाही तिच्याबद्दल असं छातीठोकपणे कसं सांगता येतं, हेच आपण उलगडणार आहोत. सिद्धता छोटी आहे, पण तिच्यात एक जागा अशी आहे की तिथे बहुतेक वाचक मान डोलावून पुढे जातात आणि नेमकं तेच कळायचं राहतं. त्या जागी आपण जास्त वेळ थांबू.

## आधी नियम ठरवू

आपल्याकडे `n` घटक आहेत आणि सोयीसाठी ते सगळे वेगवेगळे आहेत असं धरू. घटकांच्या आत काय आहे ते पद्धतीला दिसत नाही. तिला एकच प्रश्न विचारता येतो: "हा घटक त्या घटकापेक्षा लहान आहे का?" उत्तर हो किंवा नाही. वजनं नसलेला तराजू घेऊन बसल्यासारखं हे आहे. कोणतं पारडं खाली गेलं तेवढं कळतं, किती किलो ते कळत नाही.

आपण फक्त हे प्रश्न मोजणार आहोत. घटक इकडून तिकडे हलवणं, नवी यादी तयार करणं, आकडेमोड करणं हे सगळं फुकट धरायचं. पद्धतीला इतकी मोकळीक देऊनही जी मर्यादा उरते, ती खऱ्या प्रोग्रॅमला लागू होणारच, कारण खऱ्या प्रोग्रॅमला तुलनांशिवाय इतर कामंही करावी लागतात.

## तीन घटकांचं झाड

घटकांना `a`, `b`, `c` म्हणू. ही अक्षरं किमती नाहीत, सुरुवातीच्या जागा आहेत: पहिल्या जागी आलेला तो `a`, दुसऱ्या जागी आलेला तो `b`. हा फरक मनात पक्का ठेवा, पुढे तो लागणार आहे. आता कोणतीही एक सॉर्टिंगची पद्धत घ्या आणि ती काय काय विचारू शकते ते कागदावर उतरवा. एक झाड तयार होतं, यालाच निर्णयवृक्ष म्हणतात:

```
a<b ?
├─ हो: b<c ?
│   ├─ हो: [a b c]
│   └─ नाही: a<c ?
│       ├─ हो: [a c b]
│       └─ नाही: [c a b]
└─ नाही: a<c ?
    ├─ हो: [b a c]
    └─ नाही: b<c ?
        ├─ हो: [b c a]
        └─ नाही: [c b a]
```

प्रत्येक प्रश्न म्हणजे एक गाठ. तिथून दोन फांद्या निघतात, एक "हो" ची आणि एक "नाही" ची. प्रश्न संपले की पान येतं, आणि पानावर पद्धतीचा अंतिम निकाल लिहिलेला असतो: घटक या क्रमानं लाव. एखाद्या यादीवर पद्धत चालवणं म्हणजे मुळापासून एका पानापर्यंतची एकच वाट चालणं. वाटेत जितक्या गाठी लागल्या तितक्या तुलना झाल्या. सर्वांत लांब वाट म्हणजे झाडाची उंची, आणि वाईटात वाईट यादीवर लागणाऱ्या तुलनाही तितक्याच. वरच्या झाडाची उंची ३ आहे.

इथे दोन शंका हमखास येतात. पहिली अशी की प्रोग्रॅममध्ये लूप असतो, झाडात तो कुठे आहे? लूप उलगडून लिहिलेला असतो. `n` ठरला की लूप किती वेळा फिरेल ते मिळालेल्या उत्तरांवरूनच ठरतं, म्हणून तो फांद्यांमध्ये पसरतो. तीन घटकांचं झाड वेगळं, चारांचं वेगळं. दुसरी शंका: प्रोग्रॅम घटकांची अदलाबदल करतो, मग "दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेची तुलना कर" या ओळीत नेमकी कोणाची तुलना होते? हेही वाटेवरून ठरतं. मुळापासून या गाठीपर्यंत कोणती उत्तरं मिळाली ते ठाऊक असलं की कोणती अदलाबदल झाली तेही ठाऊक असतं, म्हणून त्या जागी आत्ता मूळचा कोणता घटक बसलाय हे निश्चित असतं. तुलनांवर चालणारी कोणतीही पद्धत अशी झाडात उतरतेच. ही सिद्धता न लिहिलेल्या पद्धतींनाही कवेत घेते ती याच कारणानं.

## प्रत्येक क्रमाला स्वतःचं पान का हवं

हीच ती जागा. पुस्तकात साधारण एक ओळ असते: "`n` घटकांचे `n!` क्रम शक्य आहेत, म्हणून झाडाला निदान `n!` पानं हवीत." (`n!` म्हणजे `1 × 2 × 3 × … × n`.) क्रम `n!` आहेत हे खरं. पण दोन वेगवेगळे क्रम एकाच पानावर पोहोचले तर बिघडलं कुठे?

बिघडतं असं. पानावर पोहोचल्यावर पद्धतीकडे यादीबद्दल जी माहिती असते ती फक्त वाटेत मिळालेली हो-नाहीची उत्तरं. दोन याद्यांनी प्रत्येक प्रश्नाला सारखंच उत्तर दिलं असेल, तर पद्धतीच्या नजरेला त्या दोन याद्या म्हणजे एकच. ती दोघींवर तीच हलवाहलव करणार: पहिल्या जागेचा घटक तिसरीकडे ने, वगैरे. पण दोन याद्यांचा आपापसातला क्रम वेगळा असेल, तर तीच हलवाहलव दोघींना सॉर्ट करू शकत नाही. एक नीट लागली तर दुसरी चुकणारच.

चार घटकांवर हे प्रत्यक्ष पाहू. बबल सॉर्टमध्ये चार घटकांसाठी तीन फेऱ्या लागतात. कुणी वेळ वाचवायला दोनच फेऱ्या ठेवल्या: पहिल्या फेरीत शेजारच्या तीन जोड्या तपासल्या, दुसरीत दोन, एकूण ५ तुलना. या पद्धतीला `4 3 2 1` ही यादी द्या. पहिल्या फेरीत ४ हा ३, २ आणि १ शी ताडला जातो, तिन्हीपेक्षा मोठा ठरतो आणि शेवटी जातो. यादी `3 2 1 4` होते. दुसऱ्या फेरीत ३ हा २ आणि १ शी ताडला जातो आणि यादी `2 1 3 4` होते. आता `4 3 1 2` द्या. ४ पुन्हा तिघांपेक्षा मोठा, ३ पुन्हा दोघांपेक्षा मोठा. पाचही प्रश्नांना तीच उत्तरं, तीच हलवाहलव, आणि यादी होते `1 2 3 4`. दोन याद्या एकाच पानावर आल्या; एक बरोबर लागली, दुसरी चुकली. कारणही उघड आहे: १ आणि २ यांची गाठ कधी घालूनच दिली नव्हती.

म्हणून बरोबर चालणाऱ्या पद्धतीच्या झाडात प्रत्येक क्रमाला निदान एक स्वतंत्र पान लागतं. पानं `n!` पेक्षा जास्त असली तरी चालतात. पूर्ण बबल सॉर्ट चार घटकांवर ६ तुलना करतो, म्हणजे कागदावर ६४ वाटा निघतात. त्यातल्या २४ वरच खरी यादी पोहोचू शकते, बाकीच्या वाटांवर स्वतःशीच विसंगत उत्तरं असतात. पण पानं कमी पडली की पद्धत कुठेतरी चुकणारच.

## उंचीचा हिशोब

यापुढचं सोपं आहे. प्रत्येक गाठीतून दोनच फांद्या निघतात. एका प्रश्नानंतर जास्तीत जास्त २ वाटा, दोन प्रश्नांनंतर ४, तीननंतर ८. उंची `h` असेल तर पानं जास्तीत जास्त `2^h`. आपल्याला निदान `n!` पानं हवीत, म्हणून

```
2^h ≥ n!      म्हणजेच      h ≥ log2(n!)
```

तुलना पूर्णांकातच होतात, म्हणून अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक घ्यायचा. तीन घटकांना ६ क्रम. `2^2 = 4` अपुरे, `2^3 = 8` पुरतात, म्हणून ३ तुलना. चारांना २४ क्रम आणि ५ तुलना. पाचांना १२० क्रम आणि ७ तुलना, कारण `2^7 = 128`. दहांना ३६,२८,८०० क्रम आणि २२ तुलना.

आता `log2(n!)` आणि `n log n` यांचं नातं. `n!` मध्ये १ पासून `n` पर्यंतच्या संख्यांचा गुणाकार आहे. त्यातल्या वरच्या अर्ध्या संख्या प्रत्येकी निदान `n/2` तरी आहेत. खालच्या अर्ध्या सोडून दिल्या तरी गुणाकार `(n/2)^(n/2)` पेक्षा कमी होत नाही. लॉग घेतला की

```
log2(n!) ≥ (n/2) · (log2 n − 1)
```

हे `n log n` च्याच पटीत वाढतं, आणि सिद्धता इथे पूर्ण होते.

मात्र "निदान `n log n` तुलना" हे वाक्य अक्षरशः घेऊ नका. `n = 1000` घ्या. `n log2 n` येतं सुमारे ९,९६६. पण मर्ज सॉर्टला १००० घटकांवर वाईटात वाईट परिस्थितीतही ८,९७७ तुलनाच लागतात. म्हणजे सिद्धता खोटी ठरली का? नाही. खरी मर्यादा `log2(n!)` ही आहे, आणि १००० साठी ती ८,५३० येते. स्टर्लिंगच्या सूत्रानं पाहिलं तर `log2(n!)` हे साधारण `n log2 n − 1.44 n` असतं. "`n log n` च्या पटीत" म्हणताना हा वजा भाग आणि पुढचा गुणक दोन्ही झाकले जातात. वाढीचा वेग सांगायला ते पुरेसं आहे. पण एखादी पद्धत मर्यादेच्या किती जवळ आहे हे तपासायचं असेल तर `log2(n!)` च वापरा. वरच्या आकड्यांवरून दिसतं की मर्ज सॉर्टमध्ये सुधारायला जागा साडेचारशेच्या आसपास तुलनांची आहे, म्हणजे पाच-सव्वापाच टक्क्यांची. त्याहून जास्त कुणीही वाचवू शकत नाही.

## पाच घटक, सात तुलना

चार घटकांपर्यंत मर्ज सॉर्ट मर्यादा बरोबर गाठतो: तीनांना ३, चारांना ५. पाचांना मात्र त्याला ८ लागतात आणि मर्यादा सांगते ७. हा एक जास्तीचा प्रश्न कुठे वाया जातो, हे शोधताना झाड हे सिद्धतेपुरतं चित्र उरत नाही, कामाचं हत्यार होतं.

हत्यार वापरायची रीत अशी. प्रत्येक गाठीवर उभं राहून मोजायचं: आतापर्यंतच्या उत्तरांशी जुळणारे किती क्रम अजून शिल्लक आहेत? हातात `k` प्रश्न उरले असतील आणि शिल्लक क्रम `2^k` पेक्षा जास्त असतील, तर त्या फांदीवर डाव हरला. पुढे कितीही चतुराई केली तरी उपयोग नाही.

मर्ज सॉर्ट पाचांचे दोन आणि तीन असे भाग पाडतो. दोघांचा क्रम लावायला १ तुलना आणि तिघांचा लावायला वाईटात वाईट ३, एकूण ४. आता दोन सॉर्ट केलेल्या रांगा हातात आहेत, एक दोघांची आणि एक तिघांची. त्या एकमेकींत मिसळण्याचे १० प्रकार आहेत. सातचं लक्ष्य असेल तर ३ प्रश्न उरलेत आणि ते ८ प्रकारच वेगळे करू शकतात. दहा आठात मावत नाहीत. म्हणजे नुकसान मर्ज करताना झालं नाही, तिघांचा क्रम आधी पूर्ण लावला तिथेच झालं: ६ क्रमांसाठी ३ प्रश्न खर्च झाले, जे ८ क्रमांना पुरले असते.

आता सात तुलनांची वाट. घटक `a, b, c, d, e`, शक्य क्रम १२०.

पहिल्या तुलनेत `a` आणि `b` घ्या. उत्तर काहीही आलं तरी ६० क्रम उरतात. लहानाला `a` म्हणू. दुसऱ्या तुलनेत `c` आणि `d`, ३० उरतात. लहान तो `c`. तिसऱ्यात दोन्ही जोड्यांतले मोठे, म्हणजे `b` आणि `d`, एकमेकांशी ताडा, १५ उरतात. मोठ्याला `d` म्हणू. नावं अशी बदलून घेता येतात, कारण दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या आहेत. आता हातात `a < b < d` ही साखळी आहे, शिवाय `c < d` ठाऊक आहे, आणि `e` बद्दल काहीच ठाऊक नाही. चार प्रश्न उरलेत, १६ क्रमांना पुरतील इतके, आणि क्रम आहेत १५. अजून तग धरून आहोत.

पुढचा प्रश्न कोणता, हे शिल्लक मोजूनच ठरवायचं. `e` ची तुलना मधल्या `b` शी करा. `e < b` असेल तर ८ क्रम उरतात, नसेल तर ७. तीन प्रश्नांत ८ मावतात, म्हणून दोन्ही फांद्या जिवंत आहेत. `e < b` आलं तर `e` आणि `a` ताडा: ४ आणि ४. `e > b` आलं तर `e` आणि `d` ताडा: `e` लहान असेल तर ४, मोठा असेल तर ३. आता `e` ची जागा पक्की झाली आणि दोन प्रश्न उरले. `c` हा `d` पेक्षा लहान आहे हे ठाऊक असल्यामुळे त्याला `d` च्या आधीच्या घटकांतच बसवायचं आहे. ते तीन असतील तर मधल्याशी ताडा, मग योग्य बाजूच्याशी: दोन तुलनांत जागा सापडते. ते दोनच असतील, म्हणजे `e` हा `d` च्याही पलीकडे गेला असेल, तरी दोन तुलना पुरतात. एकूण ३ + २ + २ = ७.

`e` च्या आधी `c` बसवायला घेतला असता तर काय झालं असतं? `a < b < d` आणि `c < d` असताना `c` ला जागा तीनच आहेत, आणि तीन जागा वेगळ्या करायला दोन प्रश्न लागतात, जे चार जागांना पुरले असते. मग चार घटकांच्या सॉर्ट केलेल्या साखळीत `e` ला पाच जागा आणि प्रश्न उरले दोनच. डाव हरला. `e` आधी घातल्यामुळे साखळी लांबली आणि `c` च्या जागा तीनच्या चार झाल्या, दोन प्रश्नांत चपखल बसतील इतक्या. पुढचा घटक कोणता बसवायचा हे अशा हिशोबानं ठरवण्याची पद्धत लेस्टर फोर्ड (धाकटे) आणि सेल्मर जॉन्सन यांनी १९५९ मध्ये कोणत्याही `n` साठी मांडली. पाच घटक सात तुलनांत लावण्याची युक्ती त्याआधी हॉवर्ड डेमथ यांनी स्टॅनफर्डच्या १९५६ च्या पीएचडी प्रबंधात दिली होती.

मर्यादा दरवेळी गाठता येतेच असं मात्र नाही. बारा घटकांना ४७,९०,०१,६०० क्रम आहेत आणि `2^29` म्हणजे ५३,६८,७०,९१२. हिशोबानं २९ तुलना पुरायला हव्यात. १९६५ मध्ये मार्क वेल्स यांनी संगणकावर सगळ्या शक्यता धुंडाळून दाखवलं की २९ पुरत नाहीत, ३० लागतातच. क्रमांची संख्या मावते, पण प्रत्येक गाठीवर इतकी समसमान वाटणी करणारा प्रश्न मिळत नाही. सिद्धता "निदान इतक्या लागतील" एवढंच सांगते, "इतक्यात होईल" असं वचन देत नाही.

## स्वतःच्या कोडमधून झाड बाहेर काढा

हे सगळं कोडवर पडताळता येतं. तुलना करणारं फंक्शन बाहेरून द्यायचं आणि त्याची उत्तरं नोंदवायची. उत्तरांची यादी म्हणजे झाडातली वाट.

```python
from itertools import permutations

def msort(a, lt):
    if len(a) < 2:
        return a
    m = len(a) // 2
    x, y = msort(a[:m], lt), msort(a[m:], lt)
    out = []
    while x and y:
        out.append(x.pop(0) if lt(x[0], y[0]) else y.pop(0))
    return out + x + y

def check(sort, n):
    seen = {}
    for p in permutations(range(n)):
        log = []
        def lt(u, v):
            log.append(u < v)
            return u < v
        sort(list(p), lt)
        t = tuple(log)
        if t in seen:
            print("same leaf:", seen[t], p)
        seen[t] = p
    print(n, len(seen), max(map(len, seen)))

check(msort, 5)
```

`check(msort, 5)` चं उत्तर `5 120 8` येतं: पाच घटक, १२० वेगळी पानं, उंची ८. `4` दिलं तर `4 24 5`. आता `msort` च्या जागी वरचा दोन फेऱ्यांचा बबल सॉर्ट लिहून `n = 4` वर चालवा. `same leaf` च्या ओळी दिसू लागतील, आणि त्यात `(3, 2, 0, 1)` आणि `(3, 2, 1, 0)` ही आपली जोडी सापडेल. गंमत म्हणजे त्या पद्धतीची उंची ५ आहे, मर्यादेइतकीच. उंची पुरेशी आहे म्हणून पद्धत बरोबर आहे असं होत नाही. पानं वेगवेगळी आहेत का, ते पाहावं लागतं.

चाचणी ८ किंवा ९ घटकांपर्यंतच ठेवा. दहा घटकांना ३६ लाखांवर याद्या तपासाव्या लागतात आणि प्रोग्रॅम रेंगाळतो. आणि तुमच्या पद्धतीत कुठेही घटकांची किंमत थेट वापरलेली नको, सगळं `lt` मधूनच जायला हवं, नाहीतर नोंदीत वाट अपुरी उतरते आणि बरोबर पद्धतही चुकीची दिसते.

## सरासरी आणि नशीब

वाईटात वाईट यादीचं ठीक, पण सरासरीत तर जलद होईल? झाड तिथेही आडवं येतं. एक पान खूप वर आणि दोन जुळी पानं खूप खाली असतील, तर ती खालची जोडी उचलून वरच्या पानाच्या जागी लावली की सरासरी खोली कमी होते. हे करत गेलं की शेवटी सगळी पानं लागोपाठच्या दोन पातळ्यांवर येतात, आणि त्याहून चांगली सरासरी शक्य नसते. त्या झाडाची सरासरी खोलीही `log2(n!)` पेक्षा कमी नसते. पाच घटकांच्या आपल्या झाडात ११२ पानं सातव्या पातळीवर आणि ८ पानं सहाव्यावर आहेत, म्हणजे सरासरीतही ते सर्वोत्तम आहे. क्विक सॉर्टसारखी पद्धत यदृच्छेनं पिव्हट निवडते तेव्हाही सुटका नाही: यदृच्छेचा प्रत्येक निकाल आधीच ठरवून टाकला की एकेक साधं झाडच उरतं, आणि अनेक झाडांची सरासरी त्यातल्या सर्वोत्तम झाडापेक्षा चांगली असू शकत नाही.

आधीच सॉर्ट असलेली यादी `n − 1` तुलनांत ओळखता येते हे खरं आहे, आणि पायथनचा `sorted` त्याचा फायदा घेतो. झाडाच्या भाषेत, एक पान खूप वर ठेवलंय. पण वर जागा थोड्याच असतात. दहा घटकांच्या झाडात १८ पर्यंतच्या खोलीवर जास्तीत जास्त `2^18`, म्हणजे २,६२,१४४ पानं मावतात. एकूण क्रमांच्या जेमतेम ७ टक्के. ठरावीक प्रकारच्या याद्यांवर मेहरबानी केली तर बाकीच्यांना खाली ढकलावंच लागतं. तुमच्या कामात त्याच ठरावीक याद्या येत असतील तर हा सौदा फायद्याचा ठरतो.

## मर्यादा कुठे लागू होत नाही

तुलनेची तीन उत्तरं (लहान, समान, मोठा) घेतली तर `log3` वापरता येईल का? वेगवेगळ्या घटकांवर "समान" हे उत्तर कधी येतच नाही, ती फांदी रिकामीच राहते, म्हणून मर्यादा जशीच्या तशी राहते. समान घटक खूप असतील तर मात्र वेगळे क्रमच कमी असतात आणि काम खरोखर हलकं होतं.

खरा बदल होतो तो तुलनेचा नियम सोडल्यावर. दहा लाख उत्तरपत्रिका ० ते १०० गुणांनुसार लावायच्या आहेत असं समजा. सगळे गुण वेगवेगळे असते तर तुलनांची मर्यादा सुमारे १ कोटी ८५ लाख आली असती; गुण १०१ प्रकारचेच असल्यामुळे ती कमी होते, तरी गुण सगळीकडे सारखे विखुरलेले असतील तर ६६ लाखांच्या आसपास उरतेच. पण १०१ खोके ठेवून प्रत्येक पत्रिका तिच्या गुणांच्या खोक्यात टाकली, की एका फेरीत काम होतं. काउंटिंग सॉर्ट तो हाच. इथे सिद्धता मोडली नाही, ती लागूच होत नाही. "हे गुण किती?" या एका प्रश्नाला १०१ उत्तरं आहेत, म्हणजे गाठीतून दोन नव्हे तर १०१ फांद्या निघतात.

हाच मार्ग दहा अंकी क्रमांकांवर चालवला तर खोके एक हजार कोटी लागतील, म्हणून रेडिक्स सॉर्ट एकेका अंकावर चालतो: दहा खोके आणि दहा फेऱ्या, उजवीकडच्या अंकापासून सुरुवात, आणि प्रत्येक फेरीत खोक्यातला आधीचा क्रम न मोडण्याची काळजी. दहा लाख क्रमांकांना एक कोटी वेळा खोक्यात टाकणं एवढं काम. `n` वाढला तरी अंक दहाच राहणार असतील, तर हे खरोखर `n` च्या पटीत वाढतं. पण सगळे क्रमांक वेगवेगळे असतील तर दहा अंकांत एक हजार कोटींपेक्षा जास्त मावत नाहीत. त्यापुढे अंक वाढवावे लागतात, `n` वेगवेगळ्या संख्यांना निदान `log10 n` अंक लागतात, आणि फेऱ्यांची संख्याही त्याच मापानं वाढत जाते.